आमची वाटचाल: किलोच्या दरापासून नगाच्या खर्चापर्यंत

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपला महिन्याला २०० पंप हाउसिंग लागतात. सुरुवातीची वर्षं फाउंड्री ठरायची ती किलोच्या दरावर. आता आधी सगळी कोटेशन एका मापावर आणतो: मशीनिंग होऊन पास झालेला एक नग, आमच्या दारात पोच, ३० दिवसांची उधारी, वर्षाचे २,४०० नग. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो वगळतो.

यंदाची तीन कोटेशन बघा. तिघांचाही माल आम्ही आधी वापरून पाहिलेला. शिरोलीची फाउंड्री ९६ रुपये किलो, बेळगावची ९० रुपये किलो, गोकुळ शिरगावची १,२६० रुपये नग, पोच आणि वाळूत साचा उठवायचा पॅटर्न धरून. वरवर बेळगाव स्वस्त. पण मागच्या लॉटचे नग काट्यावर ठेवले तर शिरोलीचा नग १२.५ किलो, बेळगावचा १३.४. वाळूचा साचा सैल ठोकला की धातूच्या दाबाने त्याच्या भिंती मागे सरतात आणि कास्टिंग फुगतं. त्या फुगवट्याचे पैसे आपण भरतो, वर तो कापून काढायचाही आपणच.

म्हणजे बेळगावचा नग १,२०६ रुपयांना. नव्या पॅटर्नचे ६०,००० वर्षाच्या नगांवर वाटले की २५ रुपये, भाडं ३२, पैसे आगाऊ म्हणून महिन्याचं १ टक्का व्याज १२. ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या आत वायूने राहिलेलं भोक, दिसतो बोअरिंग झाल्यावर. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, पण त्यावर झालेलं २५० रुपयांचं मशीनिंग बुडतं. शंभरात पाच नग गेले तर तो भार उरलेल्या ९५ वर, नगामागे १३. एकूण १,२८८. याच हिशेबाने शिरोली १,२४५ आणि गोकुळ शिरगाव १,२५२; त्यांची उधारी ३० दिवसांहून जास्त, म्हणून आकडा कोटेशनपेक्षा खाली आला.

गुणांचा भार मात्र कोटेशन उघडायच्या आधीच कागदावर लिहून ठेवतो: किंमत ५०, वेळेवर पोच ३०, तपासणी २०. रिजेक्शन किमतीत आलंच आहे, ते पुन्हा गुणवत्तेत धरलं तर एकाच चुकीची दोनदा शिक्षा होते. किमतीचे गुण म्हणजे सर्वांत कमी किंमत भागिले त्या फाउंड्रीची किंमत, गुणिले १०. सर्वांत स्वस्ताला १०, सर्वांत महागाला शून्य ही पद्धत आम्ही सोडली. तिच्यात अवघ्या ७ रुपयांसाठी गोकुळ शिरगावचे ५० पैकी ८ गुण जात होते. आमच्या सूत्राने ०.३ जातात.

पोचेचे गुण नोंदवहीतून: दहा लॉटपैकी जितके वेळेवर तितके गुण. शिरोली ७, गोकुळ शिरगाव ९, बेळगाव ५. धातूतले घटक मोजणारं स्पेक्ट्रो यंत्र स्वतःचं असेल तर तपासणीचे १०, बाहेरचा रिपोर्ट आणत असतील तर ६. स्पेक्ट्रो फक्त गोकुळ शिरगावकडे. शंभरपैकी बेरीज: गोकुळ शिरगाव ९६.७, शिरोली ८३, बेळगाव ७५.३.

मग किमतीचा भार ७०, पोच २०, तपासणी १० करून पाहिलं. गोकुळ शिरगाव ९७.६, शिरोली ९०. क्रम हलला नाही, तेव्हा ऑर्डर काढली. हलला असता तर शिरोली आणि गोकुळ शिरगाव दोघांनाही निम्मे निम्मे नग दिले असते.