तुम्ही विचारलंत म्हणून: वीस, पण कशाचे?

"तुम्ही तपासलेलं इम्प्लांटवरचं कोटिंग हाडाला किती मेगापास्कलने धरतं? फार खोलात नको, एक आकडा सांगा."

वीस. झालं समाधान? आता तो आकडा कुठून आला तेही ऐका, कारण इथवर आलं की बहुतेक जण फोन ठेवतात.

मेंढीच्या नडगीत 5 मिमी व्यासाचे टायटॅनियमचे दंडगोल बसवले होते, वर प्लाझ्मा स्प्रेने दिलेलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजासारखंच खनिज. 12 आठवड्यांनी हाड काढलं, प्रत्येक दंडगोलाभोवतीचा तुकडा कापला, आणि ओला असतानाच पुश-आउटला लावला. खाली भोक असलेला आधार, वरून मशीनचा दांडा हळूहळू दंडगोल ढकलतो. ते भोक दंडगोलापेक्षा सगळीकडून निदान 0.7 मिमी मोकळं हवं. कमी ठेवलंत तर आधाराच्या काठामुळेच ताण चढतो आणि आकडा फुगतो.

एका नमुन्याने 1250 न्यूटनला जागा सोडली. हाडाची जाडी 4 मिमी, म्हणजे संपर्काचं क्षेत्रफळ साधारण 63 चौरस मिमी. भागाकार केला की वीस मेगापास्कल. ज्यांचं काम होतं ते शेजारीच उभे होते. त्यांनी वीस लिहून घेतले आणि सोबतीला शब्द लिहिले, "हाडाशी बंधनाची ताकद".

मी दंडगोल मायक्रोस्कोपखाली धरला. बाजू जवळपास सगळी करडी, उघडा धातू. पांढरं कोटिंग गेलं कुठे? हाडातल्या भोकाच्या भिंतीवर, हाडाला घट्ट चिकटलेलं. पुढे काप काढून पाहिला, तर हाड आणि कोटिंग यांच्यामध्ये फटसुद्धा दिसेना. तुटलं होतं ते कोटिंग आणि धातू यांच्यामध्ये.

म्हणजे वीस हा हाडाच्या जोडाचा आकडा नव्हताच. हाडाचा जोड निदान तेवढा तरी आहे, एवढंच तो सांगत होता. किती जास्त, ते या चाचणीतून कळायला मार्ग नव्हता. आणि दुबळं निघालं ते नेमकं कारखान्यात तयार झालेलं टोक! मी अहवालात तसंच लिहिलं. तो परत आला, शेवटचं वाक्य काढण्याच्या विनंतीसह. मी काढलं नाही. पुढचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं, आणि हो, ते मला लागलं.

त्यांची बाजूही होती. कोटिंगचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं. आयएसओ 13779-2 प्रमाणे धातूला किमान 15 मेगापास्कलची पकड लागते, त्यांची बरीच जास्त होती. पण ती चाचणी कोरड्या चकतीवर, वर इपॉक्सी चिकटवून ओढून करतात. कोटिंग सच्छिद्र असेल तर इपॉक्सी झिरपत थेट धातूपर्यंत पोचतो आणि आपण गोंदाची ताकद मोजत बसतो. शिवाय शरीरातल्या द्रवात कोटिंगमधला अस्फटिक भाग आधी विरघळतो आणि धातूवरची पकड सैल होते. कोरड्या चकतीला ते ठाऊक नसतं.

"मग बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास का नाही?" हाही ठरलेला प्रश्न. लॅरी हेंच यांची 45S5 काच हाडाला धरते यात वादच नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत उंदरांच्या मांडीच्या हाडातून ती ढकलूनही निघेना. पण तापल्यावर ही काच टायटॅनियमच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे भाजून थंड होताना कोटिंग ताणलं जातं आणि तडकतं. म्हणजे पुन्हा तेच, धातूकडचं टोक. एसबीएफमध्ये, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखे क्षार असलेल्या कृत्रिम द्रावणात, अ‍ॅपेटाइटचा थर आला हा पुरावाही मला देऊ नका. त्यात ना पेशी ना प्रथिने, आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे हाडात भरायचं सिरॅमिक त्यात पुष्कळदा नापास होऊनही हाडाला जुळतं.

पूर्वी मी म्हणायचो, आकडा अपुरा असला तरी तुलनेला पुरतो: मेंढी तीच, जागा तीच, आठवडे तेवढेच, मग कोटिंग असलेला आणि नसलेला दंडगोल शेजारी ठेवा. हा युक्तिवाद मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. फक्त खरखरीत पृष्ठभागावर हाड खाचांत अडकतं आणि ती अडकण बंधनाच्या नावावर जमा होते. गुळगुळीत सपाट पट्टी बसवून हाड तिच्यापासून सरळ उपटायची पद्धत आहे, तिच्यात ही अडकण नसते. पण खरे इम्प्लांट गुळगुळीत कुठे असतात? शिवाय हाडाचा खरा संपर्क 4 ऐवजी 3 मिमीच असेल, तर त्याच 1250 न्यूटनचे साडेसव्वीस मेगापास्कल होतात. कोणती उंची धरायची यावर माझं माझ्याशीच एकमत नाही.

आता माझ्या तक्त्यात आकड्याशेजारी एक रकाना असतो: कुठे तुटलं. हाडात, कोटिंगच्या आत, की धातूपाशी. तो रिकामा असेल तर मी आकडा देत नाही. तुम्हाला वीस दिले, कारण तुम्ही खोलात नको म्हणालात; त्या रकान्यात "धातूपाशी" लिहिलंय.