28 शाफ्ट कमी कसे पडले

भोसरीत आमचं छोटं सीएनसी शॉप आहे, आणि सहा वर्षं आमचं ग्राइंडिंग दोन गल्ल्या पलीकडच्या काकांकडे व्हायचं. लेखी करार वगैरे काही नाही, चहाच्या टपरीवर ठरलेला रेट, आमचा माल चलनावर जायचा आणि त्यांच्या बिलावर यायचा. यंदा आम्ही स्वतःचं ग्राइंडिंग मशीन घेतलं, म्हणजे हे काम थांबणार. फोनवर सांगायला जीव होईना म्हणून पेढे घेऊन गेलो. काका म्हणाले, "अरे, मशीन आलं तेव्हाच मला कळलं होतं, टेम्पो माझ्या दारावरूनच गेला की. बस, हिशोब मिटवू."

हिशोब म्हणजे पैसे, आणि एकमेकांकडे पडलेला माल. पैशाचं सोपं होतं. त्यांची दोन बिलं बाकी होती, त्यात एक महिन्याचं जुनं. त्यांची उद्यम नोंदणी आहे आणि आपल्यात लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार असला तरी जास्तीत जास्त 45. उशीर होऊन वर्षअखेरीलाही बिल बाकीच राहिलं तर पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही, हे सीएने आधीच ऐकवलेलं. दोन्ही बिलं तिथेच बसून ट्रान्सफर केली.

घोळ मालात निघाला. शेवटच्या लॉटचं चलन 1200 शाफ्टचं, काकांच्या परतीच्या चलनावरही 1200, आणि आमच्या स्टोअरच्या रजिस्टरला आवक 1172! म्हणजे 28 नग गायब. जॉब वर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून जीएसटी लागतो, म्हणून हे उघडं ठेवून चालणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सहा वर्षांनंतर निरोपाच्या दिवशी 28 नगांची डेबिट नोट काढायची या विचारानेच पोटात गोळा आला. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत बसले, ते जास्त लागलं.

परत येऊन रजिस्टर बघितलं तर आणखी गंमत. 1000 नग कस्टमरकडे गेले होते, त्यांच्या गेटची पोच होती, म्हणजे बिनमध्ये 172 उरायला हवे होते. पण बिन जरा जास्तच भरलेलं दिसत होतं. दोघांनी बसून हाताने मोजले, 200. मग तेच 200 नग वजनावरून नग मोजणाऱ्या काउंटिंगच्या काट्यावर टाकले आणि काट्याने दाखवले 195.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमचा शाफ्ट साधारण 120 मिमी लांब, ग्राइंडिंगआधी व्यास 25.3 आणि नंतर 25. दिसायला 0.3 मिमी, पण वजनात 473 ग्रॅमचा 462 होतो. काट्यात युनिट वेट, म्हणजे एका नगाचं वजन, कच्च्या नगाचं भरलेलं, त्यामुळे परत आलेल्या 554.4 किलोला काटा 473 ने भागायचा आणि 1172 सांगायचा. आधी परतीचा माल ट्रेमधून हाताने मोजायचो, हा लॉट नव्या पोराने पटकन व्हावं म्हणून काट्यावर घेतला. पोराला काय ओरडणार, त्याला युनिट वेट दोन असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच नव्हतं सांगितलं.

लगेच काकांकडे परत गेलो, त्यांच्या चलनाच्या कॉपीवर "1200 नग पूर्ण मिळाले" लिहून सही-शिक्का दिला आणि माफी मागितली. ते हसले, "वजन कमी झालं म्हणजे माझं ग्राइंडिंग झालं ना!"

मग उरलेलं पटापट झालं. माप लावायचा आमचा नमुना नग, सेटिंग मास्टर, त्यांच्याकडे होता, तो लाकडी डबीत तेल लावून ठेवलेला मिळाला, आमच्या ड्रॉइंगच्या प्रती त्यांनी परत दिल्या. माझ्या कामासाठी त्यांनी खास आणलेलं व्हील अर्धं झिजलेलं होतं, त्याचे अर्धे पैसे मी द्यायला लागलो तर घेईनात, शेवटी व्हील त्यांच्याकडेच राहिलं. दोघांच्या लेजरचा बॅलन्स शून्य असल्याचं एक पान केलं, दोघांनी सही केली. खाली मी चार ओळी आभाराच्या लिहिल्या होत्या, त्यात 2021 साली रात्री दोन वाजता त्यांनी 300 नग काढून दिले होते ते लिहिलं. ते वाचून काका म्हणाले, "दोन नाही, साडेतीन वाजले होते," आणि पेनाने दुरुस्त केलं.

संध्याकाळी काट्यावर स्टिकर लावला. कच्चा 473, ग्राइंड झालेला 462.