आयर्विन पुलाचा आलेख ऐकू येईपर्यंत

सांगलीत भूगोल शिकवायचा तर २०१९ चा महापूर टाळता येत नाही. आमच्या विभागात त्यावरची एक पीपीटी बरीच वर्षं हातोहात फिरते आहे. यंदा ती माझ्याकडे आली आणि त्याच वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थिनीही आली. ती लॅपटॉपवर NVDA हा मोफत स्क्रीन रीडर वापरते. मी तिला फाइल आधीच पाठवली. वर्गात येताच ती म्हणाली, “सर, ह्यात मराठी नाहीच. नुसती इंग्लिश अक्षरं बोलतंय.”

पडद्यावर तर स्वच्छ मराठी दिसत होतं. गडबड फॉन्टची होती. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये फाइलीत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी आकार देतो. स्क्रीन रीडर आकार बघत नाही, साठवलेलं वाचतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायचा. तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला की समजावं. पॉवरपॉइंटमधलं Check Accessibility हे काही पकडत नाही, त्याच्या लेखी तो मजकूर ठीकच असतो. मी कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला, पण रफार आणि पहिली वेलांटी ठिकठिकाणी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसली होती. ‘पर्जन्य’ आणि ‘किनारा’सारखे शब्द एकेक करून तपासावे लागले. मथळे सरळ नव्याने टाइप केले, ते लवकर झालं.

मग मुख्य स्लाइड: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आलेख. पांढऱ्या पार्श्वभूमीवर इशारा पातळीची रेषा पिवळी, धोक्याची लाल, पाण्याची निळी आणि अक्षांवरचे आकडे फिकट करडे. रंगांचा कॉन्ट्रास्ट मोजणाऱ्या मोफत टूलमध्ये ड्रॉपरने रंग उचलले. पांढऱ्यावर पिवळा १.०७ ला १ भरला, म्हणजे रेषा असून नसल्यासारखी. करडे आकडे २.४ ला १. आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना व आलेखातल्या रेषांना ३ ला १ मागतो. आकडे 595959 या गडद करड्यात केल्यावर गुणोत्तर ७ पर्यंत गेलं. पण हे झालं लॅपटॉपवर. आमच्या वर्गाला मोठ्या खिडक्या आहेत. प्रोजेक्टरचा काळा रंग म्हणजे भिंतीवर प्रकाश न टाकणं, आणि भिंतीवर ऊन आलं की काळाही करडा होतो. म्हणून निकषाच्या काठावर थांबण्यात मला अर्थ वाटत नाही.

रंग बदलूनही लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यांचा प्रश्न उरतोच. म्हणून इशारा पातळीची रेषा गडद आणि तुटक केली, धोक्याची जाड केली आणि प्रत्येकीचं नाव रेषेच्या टोकाशीच लिहिलं. कोपऱ्यातली रंगसूची काढून टाकली. त्याचा फायदा डोळे धड असलेल्यांनाही झाला, पण ते असो.

अक्षरांच्या आकारावर निकष थेट आकडा देत नाही. १८ पॉइंटचा उल्लेख येतो तो फक्त कॉन्ट्रास्टची सूट कुठून मिळते हे सांगण्यासाठी. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका, रफार आणि उकार आधी नाहीसे होतात. मी मागच्या बाकावर बसून पाहिलं तेव्हा २० पॉइंटमधला ‘पूर’ आणि ‘पुर’ सारखाच दिसत होता. आता मजकूर २८ च्या खाली नेत नाही आणि ओळींमधलं अंतर वाढवतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. मजकूर जास्त झाला की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षरं लहान करतं, ते Do not Autofit निवडून बंद केलं. मजकूर मावेना तर दुसरी स्लाइड.

शेवटी पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राच्या जागी स्क्रीन रीडर जो वाचून दाखवतो तो. आलेख चित्र म्हणून चिकटवलेला होता, त्यामुळे तिला आधी नुसतं ‘Picture 4’ ऐकू यायचं. मी पहिल्यांदा लिहिलं, ‘कृष्णेच्या पाणीपातळीचा आलेख’. ती म्हणाली, “ते मथळ्यातच आहे की. पाणी किती चढलं?” बरोबरच होतं. मग असं लिहिलं:

‘रेषालेख, ऑगस्ट २०१९. पाणी ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे धोक्यापेक्षा १२ फुटांहून जास्त.’

रोजच्या नोंदी त्यात कोंबल्या नाहीत. पर्यायी मजकूर एका दमात वाचला जातो, मधला एखादा आकडा शोधायला मागे जाणं त्रासाचं असतं. त्यांचा खऱ्या टेबलमध्ये तक्ता केला आणि पुढच्या स्लाइडवर ठेवला, तिथे ती एकेका खान्यात फिरू शकते. कोपऱ्यातल्या शोभेच्या लाटा Mark as decorative केल्या.

हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाचा नकाशा मात्र शब्दांत नीट बसला नाही. कुठली नदी कुठून येते हे सांगता आलं, वळणं नाही. त्यासाठी जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नकाशा करतो आहे.