काळा बिबट्या की मांजर: माप काढायचा दुसरा प्रयत्न

मागच्या वेळी मी छाती ठोकून सांगितलं होतं ना, की फोटोतला काळा प्राणी बिबट्याच असणार, तर ते मागे घेतोय.

फोटो ४०० एमएमच्या लेन्सने काढलेला, मोकळं गवत, शेजारी ओळखीची वस्तू एकही नाही. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजलं तर ५०० पिक्सेल आले. माझ्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००४ मिमीचा, म्हणजे सेन्सरवर प्राणी २ मिमीचा. २ भागिले लेन्सचे ४००, म्हणजे प्राण्याची खरी लांबी ही अंतराचा दोनशेवा भाग. इथपर्यंत गणित चोख आहे पण त्याने एकट्याने काहीच कळत नाही, कारण अंतर २५० मीटर धरलं तर प्राणी सव्वा मीटरचा म्हणजे बिबट्या, आणि ९० मीटर धरलं तर ४५ सेंटीमीटर, म्हणजे घरातली मांजर! मी २५० धरलं होतं, निव्वळ अंदाजाने.

अंदाज का फसला ते आता कळतंय. गवत पोटाला टेकलेलं दिसत होतं आणि मी गवत गुडघाभर धरून चाललो होतो, म्हणून प्राणी मोठा वाटला, आणि प्राणी मोठा वाटला म्हणून गवतही उंचच वाटत राहिलं. त्यात मधली जमीन खोलगट, ती फ्रेममध्ये येतच नाही, त्यामुळे अंतराचा काही पत्ताच लागत नाही.

मग रविवारी एक मीटरची काठी घेऊन परत गेलो, जुन्या फोटोतले दोन दगड जुळवून प्राण्याच्या जागी ती आडवी, कॅमेऱ्याला काटकोनात धरायला मित्राला उभं केलं, मी पहिल्याच जागेवरून तीच लेन्स लावून फोटो काढला. काठी १,११० पिक्सेल भरली. म्हणजे प्राणी ४५ सेंटीमीटर आणि अंतर ९० मीटर. गवत घोट्याच्या जरा वर होतं, बस.

आता शंका काढणारे काढतीलच, काठी नेमकी त्याच जागी होती कशावरून? नसेलही, पण पाच मीटर इकडेतिकडे झालं तरी फरक पाच-सहा टक्क्यांचा पडतो, आणि बिबट्या व्हायला तर दुप्पट लांबी हवी. प्राणी थोडा तिरका उभा होता हे मात्र धरायला पाहिजे, तीस अंश वळलेला असेल तर खरी लांबी ५२ होते, तरीही मांजरच.

फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोवर हे करायला जाऊ नका. तो लहान केलेला असतो, पिक्सेलचा हिशोब तिथेच संपतो, आणि लेन्सची माहितीही बहुतेक वेळा पुसलेली असते. अशा वेळी मी प्रमाण बघतो: मांजराचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि टोकदार, बिबट्याचे लहान, गोलसर. जुन्या फोटोत कान स्पष्ट टोकदार दिसतायत, मी तेव्हा बघितलेच नव्हते.