बोरमाळेतली लाख

खानापूर तालुक्यातल्या त्या गावात मी गेले ते आरडी, म्हणजे बँकेतली दरमहा हप्त्याची ठेव, समजावून सांगायला. बँकेच्या आर्थिक साक्षरतेच्या कामात अशा बैठका नेहमीच्याच. गावातल्या बायकांच्या बचत गटाने मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण त्यांच्यात वाद सुरू होता. दिवाळीनंतर प्रत्येकीने महिन्याला हजार रुपये बाजूला टाकायचे, एवढं ठरलेलं. ते सराफाच्या भिशीत टाकायचे की बँकेत, यावर निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे.

समाजमंदिरात सतरंजीवर बसलो. अध्यक्षांनी हजेरी घेतली, बचतीची वही फिरली, अंतर्गत कर्जाचे हप्ते जमा झाले आणि मग मला बोलायला सांगितलं.

मी फळ्यावर लिहिलं: महिना हजार, बारा महिने, दर साडेसहा टक्के. व्याज सव्वाचारशेच्या आसपास.

"वर्साला सव्वाचारशे?" मागून कोणीतरी हसलं. "बारा हजाराचे साडेसहा टक्के सातशे ऐंशी व्हतात की."

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो आणि तो रास्त आहे. पहिला हप्ता बँकेत बारा महिने राहतो, दुसरा अकरा, आणि शेवटचा जेमतेम एक. सरासरी काढली तर प्रत्येक हजार साडेसहा महिनेच कामाला असतो, म्हणून व्याज निम्म्याच्या थोडं वर. त्यांना हे पटलं, पण चेहरे काही उजळले नाहीत. सराफ अकरा हप्ते भरले की बारावा स्वतःचा घालतो, म्हणजे थेट हजार. त्यापुढे माझे सव्वाचारशे केविलवाणेच.

मग भिशीचा हिशेब घातला. रोजचा भाव हलतो, म्हणून सोपं जावं यासाठी बावीस कॅरेट ग्रॅमला दहा हजार धरला. बाईने भरले अकरा हजार, सराफाचे एक, झाले बारा. पण बारा हजाराचं सोनं मिळत नाही, बारा हजाराचं बिल होतं. त्यात बारा टक्के घडणावळ आणि सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. मागे जात मोजलं तर सोन्याची किंमत उरते दहा हजार चारशे, म्हणजे एका ग्रॅमपेक्षा थोडं जास्त सोनं. खिशातून गेलेल्या अकरा हजारांपेक्षा सहाशेने कमी, आणि तेही सराफाने हजार घातल्यावर. तेच अकरा हप्ते आरडीत टाकले असते तर साडेतीनशे वर मिळून हातात आले असते.

"घडणावळ माफ असंल तर?" अध्यक्षांनी विचारलं. काही भिशांत ती माफ किंवा कमी असते. मग हिशेब बदलतो आणि भिशी परवडू शकते. म्हणून सराफाला आधी दोन गोष्टी विचाराव्यात: घडणावळ किती टक्के, आणि दर महिन्याच्या हप्त्याचं त्या दिवसाच्या भावाने वजन लिहून ठेवणार की नुसते रुपये साठवणार. रुपयेच साठवत असेल तर वर्षभरात भाव चढला तरी त्यातलं बाईला काही नाही, शेवटी चढ्या भावानेच घ्यायचं.

इथपर्यंत मी बोलत होते. पुढचा तास माझा नव्हता.

विटा-खानापूरकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. मला हे ऐकून माहीत होतं, पण समोर बसलेल्या बायकांपैकी एकीने बारा-पंधरा वर्षं नवऱ्याबरोबर तमिळनाडूत दुकानामागच्या खोलीत काढली असतील, हे लक्षातच आलं नव्हतं. त्या वहिनी आतापर्यंत गप्प होत्या. एक मावशी म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंची बोरमाळ हाय अठरा ग्रॅमची. ती म्हंजी दोन लाखाची बँकच की!" तेव्हा वहिनींनी तोंड उघडलं.

"मावशी, बोरमाळंचं मणी आतनं लाखंनं भरल्यालं असत्यात. वजन लाखंचं बी हुतंय."

मग त्यांनी स्वतःच्या घरातली माळ गाळली तेव्हाची गोष्ट सांगितली. तीही अठराच ग्रॅमची. मणी फोडून लाख जाळल्यावर अकरा ग्रॅम राहिली. आणि ते अकराही बावीस कॅरेटचे नव्हते. जुन्या दागिन्यात डाग दिलेला असतो, म्हणजे जोड लावायला हलक्या धातूचं मिश्रण वापरतात. गाळलं की तो डाग सगळ्या सोन्यात मिसळतो आणि टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, खाली येतो. त्यांच्या माळेचा टंच ऐंशी आला. अकराचे ऐंशी टक्के म्हणजे शुद्ध सोनं आठ ग्रॅम ऐंशी.

मी फळ्यावर आमच्याच दिवसाच्या भावाने मांडलं. बावीस कॅरेट दहा हजार, तर शुद्ध साधारण दहा हजार नऊशे. आठ ग्रॅम ऐंशीचे झाले शहाण्णव हजार. ज्या माळेला घर एक लाख ऐंशी हजार मानत होतं ती निम्म्यावर आली. खोलीत पहिल्यांदा शांतता पसरली. मावशींनी एवढंच विचारलं, "गाळल्याबिगर कळत न्हाई का?"

"टंच काढायची मशिनी असत्यात, पर ती वरवरचं बगत्यात. आत डाग किती हाय ते गाळल्यावरच नक्की कळतंय," वहिनी म्हणाल्या. माझ्या कोणत्याही तक्त्यात हे नव्हतं. नव्या दागिन्यावर एचयूआयडी या सहा अक्षरी-आकडी हॉलमार्क क्रमांकाचा शिक्का असतो, 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही, एवढी भर मी घातली. आईच्या, सासूच्या जुन्या दागिन्यांना मात्र तो शिक्का नाही.

सोन्याचा भाव चढतोच, हा बायकांचा हक्काचा मुद्दा आणि गेल्या काही वर्षांनी तो आणखी पक्का केला आहे. पण 2012 च्या अखेरीला दहा ग्रॅम शुद्ध सोनं एकतीस हजारांच्या आसपास होतं आणि 2015 मध्ये पंचवीस-सव्वीस हजारांवर आलं. त्या तीन वर्षांत कोणाच्या घरी आजारपण आलं आणि दागिना मोडावा लागला, तिला भाव, घडणावळ आणि तूट अशा तिन्ही बाजूंनी फटका बसला. भाव चढतो हे खरं, पण आपल्या गरजेच्या तारखेला चढलेला असेलच असं नाही.

सोन्याच्या बाजूने सर्वात भक्कम बोलली ती एक तरुण सून. "मॅडम, आरडी मोडायला माझी एक सही लागती, आन् ती सही मालक रातोरात घेत्यात. गळ्यातलं मोडायचं म्हणलं की अख्खं घर इचारतं." याला माझ्याकडे आकडा नव्हता. मी एवढंच सांगितलं की मुदतीआधी आरडी मोडली तर बहुतेक बँका व्याजात एखादा टक्का कापतात, मुद्दल जात नाही. तिने मान हलवली, पण तिचा प्रश्न व्याजाचा नव्हताच.

पैसे बुडण्याविषयी मात्र कोणाचं दुमत नव्हतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेत तो नाही, सराफाच्या भिशीत तर नाहीच. या भागात बुडालेल्या पतसंस्थेची गोष्ट प्रत्येकीच्या माहेरी किंवा सासरी आहे, त्यामुळे यावर मला फार बोलावं लागलं नाही.

शेवटी नऊजणींनी आरडीचे अर्ज घेतले आणि हप्त्याची तारीख महिन्याच्या बारा तारखेला ठेवली, कारण दुधाची बिलं दहाला होतात. त्या तरुण सुनेने भिशीच धरली, फक्त घडणावळ आणि वजनाची अट लिहून घेणार म्हणाली. मावशींनी अर्जही घेतला नाही आणि भिशीही नको म्हणाल्या. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या वेळी मालक गावी आले की बोरमाळ घेऊन यावं का.