यूएसबीची पिन बसली म्हणजे झालं, असं नसतं

"जॉयस्टिक यूएसबीचीच आहे ना? मग कुठल्याही फ्लाइट गेमला चालेल की. एवढं काय तपासत बसायचं?"

तपासायचं, कारण माझ्या भाच्याचं काय झालं ते मी पाहिलंय. त्याने साठवलेल्या पैशांतून स्टिक आणि थ्रॉटलचा सेट घेतला आणि कन्सोलला लावला. थ्रॉटलच्या तळाशी हिरवा दिवा लागला, पण गेममधलं विमान जागचं हलेना. त्याने पोर्ट बदलून पाहिला, कन्सोल बंद करून पुन्हा चालू केला, गेम काढून परत टाकला. मग मला फोन. "मावशी, दिवा तर लागतोय गं!" हे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

दिवा लागतो तो पोर्टातून मिळणाऱ्या पाच व्होल्टवर. वीज पोहोचली, एवढंच त्यातून कळतं. कन्सोल त्यापुढे जाऊन जोडलेल्या उपकरणाची ओळख तपासतो आणि परवाना असलेलं नसेल तर त्याच्याकडे लक्षच देत नाही. स्क्रीनवर सहसा साधी सूचनाही येत नाही, त्यामुळे पोरगं तासन्‌तास वायरीत दोष शोधत बसतं.

तो सेट मी माझ्या कॉम्प्युटरला लावला. विंडोजमध्ये Win+R दाबून `joy.cpl` टाइप केलं, यादीत सेटचं नाव दिसलं, Properties उघडलं. थ्रॉटल पुढे ढकलला की पट्टी भरत होती, ट्रिगर दाबला की लाल ठिपका पेटत होता. सेटमध्ये काहीच बिघाड नव्हता, आणि म्हणूनच दुकानदाराने तो परत घेतला नाही: "वस्तू चालू आहे." खोक्याच्या मागे, बारकोडशेजारी, बारीक अक्षरात फक्त PC छापलेलं होतं. मला त्या मुलाचा अजिबात राग आला नाही. पिन बसते, दिवा लागतो, मग त्याने काय समजायचं?

दिसण्यावर तर मुळीच जाऊ नका. थ्रस्टमास्टरच्या टी.फ्लाइट मालिकेतले होटास एक्स, होटास ४ आणि होटास वन शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात. तिन्ही पीसीला चालतात, पण कन्सोलच्या बाबतीत होटास एक्स प्लेस्टेशन ३ साठी आहे, होटास ४ प्लेस्टेशन ४ साठी आणि होटास वन एक्सबॉक्स वनसाठी. त्यामुळे नुसती कंपनी पाहून भागत नाही, शेवटचं अक्षर किंवा आकडासुद्धा वाचावा लागतो.

"आम्ही पीसीवाले, आम्हाला काय त्याचं?" हेही ऐकते मी. स्टीमवर गेमपुढे Full Controller Support लिहिलेलं असतं ना, ते गेमपॅडबद्दल असतं. गेमपॅडसाठी असलेल्या एक्सइनपुट पद्धतीत दोन छोट्या काड्या, दोन ट्रिगर आणि मोजकी बटणं एवढंच मावतं. स्टिक-थ्रॉटल सहसा डायरेक्टइनपुटने बोलतात, त्यात आठ अक्ष, म्हणजे कमी-जास्त मोजता येणाऱ्या हालचाली, आणि १२८ बटणांपर्यंत जागा असते. गेमला पहिलीच भाषा येत असेल, तर `joy.cpl` मध्ये सगळं हलेल आणि गेममध्ये काहीच नाही. `joy.cpl` मध्येही काही दिसलं नाही, तर मात्र वायर, पोर्ट किंवा हबकडे बघा.

म्हणून घेण्याआधी मी पहिल्यांदा एक गोष्ट शोधते: त्या गेमच्या कंट्रोल सेटिंगचा फोटो किंवा व्हिडिओ. तिथे थ्रॉटल नावाचा अक्ष स्वतंत्र आहे की फक्त "वेग वाढवा" आणि "वेग कमी करा" अशी दोन बटणं आहेत? दोन बटणंच असतील तर थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून वेग अर्धा राहणार नाही. मग थ्रॉटलवर पैसे घालून काय उपयोग?

दुसरं, वायरी किती आहेत ते बघा. काही सेटमध्ये स्टिक थ्रॉटलला जोडलेली असते आणि कॉम्प्युटरला एकच यूएसबी जाते. काहींत दोघांच्या दोन यूएसबी, म्हणजे विंडोजच्या लेखी दोन वेगळी उपकरणं. जुने गेम बऱ्याचदा त्यातलं एकच ओळखतात. व्हीजॉय नावाचं सॉफ्टवेअर एक आभासी जॉयस्टिक तयार करतं आणि जॉयस्टिक ग्रेमलिनसारखं दुसरं सॉफ्टवेअर दोन्हींच्या हालचाली तिच्याकडे पाठवतं, पण हे बसवायला चिकाटी लागते आणि कन्सोलवर तो मार्गच नाही.

पूर्वी मी सगळ्यांना ठासून सांगायचे की दोन वायरींचाच सेट घ्या, उद्या एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. ते आजही खरं आहे. पण एकाच जुन्या गेमसाठी घेणाऱ्याला मी आता एक वायरवाला सेट सुचवते, आणि त्याची स्टिक गेली की बहुतेकदा सगळा सेटच बदलावा लागतो हे मला ठाऊक असतं. दोन्हींतलं कुठलं बरोबर, यावर माझं अजून स्वतःशीच जमलेलं नाही. त्यामुळे मला विचारताना आधी गेमचं नाव आणि तो कशावर खेळणार ते सांगा, सेटचं नाव नंतर.