आमची वाटचाल : फोन आडवा झाला की मापं गायब

कोल्हापुरात आम्ही सुरुवात केली ती दुसऱ्यांनी बनवून अर्धवट सोडलेली अ‍ॅप सांभाळण्यापासून. नवं अ‍ॅप करून द्या म्हणणारे लोक मोठ्या कंपन्यांकडे जात, बिघडलेलं आमच्याकडे येई. त्यातलंच एक अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याचं होतं. त्यांची पोरं साइटवर जाऊन प्रत्येक खिडकीची उंची-रुंदी फोनवर टिपायची. एका हातात टेप, त्यामुळे फोन चौकटीवर ठेवायचा. तो आडवा झाला की सगळी मापं पुसली जायची.

गंमत म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर मात्र जागच्या जागी! बिघाडाचा पत्ता तिथेच लागला. फोन फिरला की अँड्रॉइड चालू अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अ‍ॅपचा समोरचा स्क्रीन, मोडून टाकतं आणि `onCreate` पासून नवी उभी करतं. लेआउटमध्ये `android:id` असलेल्या `EditText` या लिहायच्या रकान्यातला मजकूर सिस्टिम स्वतः जपते. खिडक्यांच्या ओळी मात्र 'आणखी एक' बटण दाबल्यावर कोडमधून जोडल्या जात होत्या. नव्या अ‍ॅक्टिव्हिटीत त्या ओळीच नव्हत्या, मग मजकूर भरायचा कुठे?

मालक म्हणाले, "स्क्रीन फिरणंच बंद करा की." ते एका ओळीचं काम, पण संध्याकाळी डार्क मोड आपोआप लागला किंवा कुणी अक्षरं मोठी केली, तरी अ‍ॅक्टिव्हिटी नव्यानेच बनते. शिवाय अँड्रॉइड 16 साठी बांधलेल्या अ‍ॅपचं असलं कुलूप टॅबलेटवर मानलंच जात नाही.

आम्ही मापांची यादी अ‍ॅक्टिव्हिटीबाहेर माहिती धरून ठेवणाऱ्या `ViewModel` मध्ये हलवली. फोन फिरला तरी तो टिकतो, आणि नव्या `onCreate` मध्ये त्या यादीवरून ओळी पुन्हा उभ्या करता येतात. तक्रार थांबली, पण पुरती नाही. पोरं मधेच कॅमेरा उघडून खिडकीचा फोटो काढत, मेमरी कमी पडली की सिस्टिम मागे पडलेलं अ‍ॅपच मारून टाके. त्यासोबत `ViewModel` ही जातो. हे मुद्दाम घडवून बघायचं तर मापं भरून होम बटण दाबायचं, कॉम्प्युटरवरून पुढची कमांड द्यायची आणि मग अलीकडच्या अ‍ॅप्समधून परत शिरायचं:

```
adb shell am kill com.example.maap
```

आमची यादी रिकामी आली. सिस्टिम स्वतःकडे जपून ठेवते त्या `SavedStateHandle` मध्ये ठेवली असती तर इथे टिकली असती, पण कुणी अ‍ॅप सरकवून बंद केलं की तेही गेलं. साइटवर परत जाऊन मापं घेणं महाग पडतं, म्हणून प्रत्येक माप टाकताक्षणी फोनवरच्याच Room च्या डेटाबेसमध्ये कच्ची नोंद म्हणून जाऊ लागलं. कोटेशन निघालं की ती पुसायची.

त्या कामानंतर आमच्या धंद्याची रीत बदलली. दुरुस्तीला आलेल्या अ‍ॅपचा दर सांगण्याआधी आम्ही सर्वांत लांबलचक फॉर्म अर्धा भरतो, फोन फिरवतो, मग वरची कमांड चालवतो. काय उरलं ते बघून आकडा सांगतो. काहींना तो जास्त वाटतो, ते उठून जातात.